घराचा बेत बदलला, आता सोने विकू की फंड?

"सर, वय ४३. बेळगावला उद्यमबागेत एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहे, हातात महिन्याला १,०५,००० येतात. बायको खाजगी शाळेत शिक्षिका, तिचे २८,०००. पुढे पुण्यात फ्लॅट घेऊन तिकडेच राहायचे म्हणून २०१७ मध्ये इक्विटी, डेट, सोने असे ६०:३०:१० ठरवले होते. आता आई-वडील थकलेत, पुणे रद्द. दोन वर्षांनी अनगोळला वडिलांच्या जागेवर घर बांधायला घ्यायचे आहे, खर्च ४० लाख. मुलगी यंदा अकरावीला. इक्विटी फंडात ४६ लाख (माझे ३४, तिचे १२), पीएफ १७ लाख, दोन सौहार्द सोसायट्यांत ठेवी १४ लाख, सोने २२० ग्रॅम म्हणजे २६ लाखांचे. दोघांची एसआयपी मिळून ३०,०००. प्रमाण ४४:३०:२६ झाले आहे. सोने विकून इक्विटीत टाकू आणि परत ६०:३०:१० करू का?"

नको. तसे केले तर १६ लाखांचे सोने मोडून ते शेअर बाजारात जाईल, आणि दोन वर्षांनी पाया खणायला घ्याल तेव्हा तेच पैसे बाजारातून परत काढावे लागतील. त्या वेळी बाजार कुठे असेल हे कोणालाच ठाऊक नाही. शिवाय १६ लाखांचे सोने विकायचे तर घरातले दागिने मोडायला लागतील, आणि ते तुमच्या घरात कोणी मान्य करेल असे मला वाटत नाही.

६०:३०:१० हे प्रमाण २०१७ मधल्या तुमच्या बेताचे होते. पैसा पंधरा-वीस वर्षे लागणार नव्हता, म्हणून ६० टक्के इक्विटी बरोबर होती. आज बेत बदलला आहे, म्हणून सगळ्या रकमेला एकच प्रमाण लावणे थांबवा. कुठला पैसा कुठल्या साली लागणार एवढे आधी कागदावर मांडा. जवळच्या सालचे पैसे बाजूला काढल्यावर जे उरेल, प्रमाण फक्त त्याला लावायचे. मी गेली पंचवीस वर्षे टिळकवाडीत बसून लोकांचे हेच हिशेब करतो, आणि बहुतेकांची गाडी याच जागी अडते.

तुमचा कागद मी असा मांडला. घर ४० लाखांचे. त्यातले १५ लाख गृहकर्ज घ्या आणि २५ लाख स्वतःचे घाला. कर्ज १२ वर्षांचे ठेवा. साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण १६,६५० बसतो आणि तुमच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या आत फिटतो. पूर्ण ४० लाख स्वतःचे घालायला तुमच्याकडे पैसे आहेत, पण तसे केले तर निवृत्तीसाठीचे अर्धे फंड भिंतीत जातील. उलट ३० लाख कर्ज घेऊन फंड तसेच ठेवले, तर कारखान्यात शिफ्ट कमी झाल्या की हप्ता छातीवर बसेल.

मुलीचे शिक्षण दोन वर्षांनी सुरू होईल. चार वर्षांचे १२ लाख धरू. कर्नाटकची सीईटी की महाराष्ट्राची, यावर हा आकडा बराच हलेल. तुमचे गाव वादग्रस्त सीमाभागात येत असेल आणि मातृभाषा मराठी असेल, तर महाराष्ट्राच्या प्रवेशात सीमाभागातल्या मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. त्याचे दाखले ऐन वेळी धावपळ करून मिळत नाहीत, आताच तयार ठेवा. पहिल्या दोन वर्षांचे सहा लाख आतापासून सुरक्षित जागी हवेत. उरलेले सहा लाख चार-पाच वर्षांनी लागतील, ते तूर्त फंडात राहू देत. प्रत्येक फी दोन वर्षांवर आली की तेवढी रक्कम ठेवीत आणायची.

तिसरे, अडीनडीचे पाच लाख. नोकरदाराला मी एरवी चार-पाच महिन्यांच्या खर्चाइतके सांगतो, तुम्हाला सात महिने सांगतो, कारण तुमचा पगार फाउंड्री आणि वाहन उद्योगावर चालतो. २००८-०९ मध्ये आणि पुन्हा २०१९-२० मध्ये उद्यमबागेत ओव्हरटाइम बंद झाला, शनिवारची सुट्टी सक्तीची झाली, आणि शेअर बाजारही त्याच काळात आपटला. तुमची नोकरी आणि तुमचे फंड एकाच वाऱ्याने हलतात. बँकेत काम करणाऱ्या माणसाचे तसे नसते.

घराचे २५, फीचे ६, अडीनडीचे ५ मिळून ३६ लाख सुरक्षित जागी हवेत. आज लगेच नाही, पण दोन वर्षांच्या आत. हे कुठून काढायचे, आणि कुठल्या क्रमाने, यात तुमचे खरे पैसे वाचतील किंवा जातील.

ठेवींचे १४ लाख हाताशी आहेतच, त्यांच्याबद्दल पुढे बोलतो. त्यानंतर पहिला हात एसआयपीला घाला. ३०,००० चा हप्ता इक्विटी फंडातून थांबवून दोन वर्षे आवर्ती ठेवीत किंवा लिक्विड फंडात वळवला की ७.२ लाख जमतात. लोकांना वाटते एसआयपी मोडणे पाप आहे. पण एका हाताने नवे युनिट घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने घरासाठी जुने विकून कर भरायचा, याला काय अर्थ? हप्ता वळवणे म्हणजे कर न भरता केलेली विक्रीच आहे. पीएफची कपात चालूच असल्याने निवृत्तीची बचत पूर्ण थांबत नाही. घर झाले की ३०,००० मधून हप्त्याचे १६,६५० जातील आणि उरलेले तेरा हजार पुन्हा इक्विटीत सुरू करा.

दुसरे सोने. तुम्ही २२० ग्रॅम गुणिले १२,००० असा सरळ गुणाकार केला आहे, आणि २६ टक्क्यांचा आकडा तिथेच फुगला. फोनवर पुन्हा विचारले तेव्हा कळले, त्यात १५० ग्रॅम दागिने, ४० ग्रॅमची नाणी आणि २०१९ मध्ये घेतलेले ३० ग्रॅमचे गोल्ड बाँड आहेत. या तिघांचे स्वभाव वेगळे आहेत.

दागिने बाविस कॅरेटचे असतील तर १५० ग्रॅममध्ये शुद्ध सोने साधारण १३७ ग्रॅम. मोडायला नेलात की डाग, खडे, लाख, मळ यांचे वजन वजा होते, वर सराफाची घट. घडणावळ तर घेतानाच गेली. आजीच्या काळातल्या पाटल्या किंवा बोरमाळ असेल तर ते सोने बाविस कॅरेटपेक्षा कमीही निघते. शहापूरच्या सराफ गल्लीत यंत्रावर कस बघून घ्या, दहा मिनिटांचे काम आहे. पण मुळात हे सोने तुम्ही विकणार नाही. मुलीच्या लग्नात ते पुढे जाईल. म्हणून त्याला प्रमाणाच्या हिशेबातच धरू नका. ते घरातले धन आहे, अगदीच निकड आली तर तारण ठेवता येईल, पण गुंतवणूक म्हणून मोजले की बाकी सगळे आकडे खोटे दिसायला लागतात. 'आपल्याकडे सोने जास्त झाले' हा तुमचा समज त्यातूनच आला.

गोल्ड बाँड २०२७ मध्ये मुदत पूर्ण करतील. तुम्ही ते मूळ इश्यूमध्ये घेतले आहेत, त्यामुळे मुदतीला मिळणाऱ्या नफ्यावर कर नाही, आणि तोवर घेतानाच्या किमतीवर वर्षाला अडीच टक्के व्याज येत राहते. बाजारात विकून टाकण्याचे काही कारण नाही. सरकारने फेब्रुवारी २०२४ नंतर नवे बाँड काढलेले नाहीत, म्हणून मुदतीला आलेले पैसे सोन्यातच ठेवायचे असतील तर गोल्ड ईटीएफ घ्या. नवी नाणी घेऊ नका, त्यावर ३ टक्के जीएसटी जातो तो परत येत नाही.

राहिली नाणी. ही विका. २०१८ च्या सुमाराला बँकेतून घेतलेली नाणी बँक परत घेत नाही, सराफाकडेच न्यावी लागतील. दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि खरेदीचे बिल सोबत ठेवा. ४० ग्रॅमचे कापून साधारण ४.७ लाख हातात येतील. घेताना १.३ लाख पडले होते, म्हणजे नफा ३.४ लाख. सोने चोवीस महिन्यांपेक्षा जास्त ठेवले असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के आणि वर उपकर, म्हणजे १३ टक्के, सुमारे ४४,००० कर. इथे एक चूक फार होते. सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, ही सवलत शेअर आणि इक्विटी फंडांनाच आहे, सोन्याला नाही. निव्वळ हातात सव्वाचार लाख धरा.

सोने अजून वाढेल, मग आत्ताच का विकू, असे तुम्ही विचाराल. २०१२ मध्ये दहा ग्रॅमला एकतीस-बत्तीस हजार असलेले सोने २०१५ मध्ये पंचवीस-सव्वीस हजारांवर आले आणि जुन्या भावाला परत यायला पुढे आणखी काही वर्षे लागली. त्या वेळी गणपत गल्लीतले एक कापड व्यापारी माझ्याकडे यायचे, त्यांनी मुलाच्या मेडिकलच्या फीसाठी बिस्किटे ठेवली होती. फी भरायची तारीख काही सोन्याच्या भावासाठी थांबली नाही. जे पैसे ठरलेल्या तारखेला सिमेंट-सळीला द्यायचे आहेत, ते सोन्यात ठेवणेही जुगारच.

आता जमवा. ठेवी १४, एसआयपी ७.२, नाणी ४.२५, झाले साधारण साडेपंचवीस लाख. ३६ ला साडेदहा कमी पडतात. तेवढे फंड विका, त्याहून जास्त नाही. बघा, ४६ लाखांच्या फंडातले साडेदहाच निघतात. तुम्ही सुरुवात इक्विटीत १६ लाख वाढवण्यापासून केली होती.

हे साडेदहा कसे काढायचे ते नीट ऐका. एका फोलिओतून विकताना सगळ्यात जुने युनिट आधी जातात. जुन्या युनिटमध्ये नफा जास्त, म्हणून साडेदहा लाखांच्या विक्रीत साधारण ५.८ लाख नफा निघेल असे तुमच्या स्टेटमेंटवरून दिसते. सगळी विक्री तुमच्या एकट्याच्या नावावर एकाच आर्थिक वर्षात केली तर सव्वा लाख सोडून ४.५५ लाखांवर १३ टक्के, म्हणजे ५९,००० च्या आसपास कर. तीच विक्री निम्मी तुमच्या आणि निम्मी पत्नीच्या फोलिओतून, आणि प्रत्येकाची अर्धी मार्चमध्ये, अर्धी एप्रिलमध्ये केली तर दोघांना दोन वर्षांची मिळून पाच लाखांची सवलत बसते. उरलेल्या ८०,००० वर कर १०,४०० च्या घरात. पत्नीच्या नावावरचे फंड तिच्या स्वतःच्या पगारातून घेतलेले असतील तरच हे चालते. तुम्ही दिलेल्या पैशातून घेतले असतील तर तो नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. तिच्या पगाराच्या खात्यातूनच एसआयपी जाते का, पासबुकात बघून घ्या.

मार्च जवळ नसेल तर? तेव्हा कर वाचवायला सात-आठ महिने थांबू नका. जानेवारी २०२० ते २३ मार्च २०२० या दोन-सव्वादोन महिन्यांत निफ्टी १२,३०० वरून ७,६०० वर आला, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के खाली. तुमच्या साडेदहा लाखांचे साडेसहा झाले असते. पन्नास हजारांचा कर वाचवताना चार लाखांचा धोका घेणे मला पटत नाही. तेव्हा सव्वा-सव्वा लाख नफ्याचा पहिला भाग आत्ताच दोघांच्या नावावर काढा. बाकीचे दोन महिन्यांच्या अंतराने काढा आणि लागेल तो कर भरा. विकताना आधी हात घालायचा तो स्मॉल कॅप आणि एखाद्या क्षेत्राच्या फंडाला. इंडेक्स किंवा मोठ्या कंपन्यांचे फंड शेवटपर्यंत राहू देत. करबचतीचा फंड असेल तर प्रत्येक हप्त्याला वेगळी तीन वर्षे मोजायची, हे विसरू नका.

घर बांधण्याच्या सवलतीबद्दलही तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. जुन्या कायद्यात ५४एफ म्हणून ओळखली जाणारी ही सूट सोने आणि फंड दोन्हींच्या नफ्याला लागू होते. विक्रीची पूर्ण निव्वळ रक्कम घरात घातली, विकल्यापासून तीन वर्षांत घर बांधून पूर्ण झाले, आणि विकतेवेळी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त राहते घर नसले, तर कर माफ. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी लागते. कागदावर तुम्ही यात बसता, पण वेळेचा हिशेब करा. आज विकले, दोन वर्षांनी काम सुरू झाले, वर्ष-सव्वा वर्ष बांधायला गेले, की तीन वर्षांची मर्यादा ओलांडली. वर सांगितल्याप्रमाणे विक्री केली तर सगळा कर मिळून पंचावन्न हजारांच्या आसपास आहे. तेवढ्यासाठी १५ लाख त्या खात्यात अडकवून मुदतीशी शर्यत लावावी असे मी सुचवणार नाही. परवाना हातात असून काम याच वर्षी सुरू होणार असेल, तर मात्र सीएला भेटून ही सूट जरूर घ्या.

आता ठेवींकडे येतो, कारण तुमच्या सगळ्या कागदात मला जास्त काळजी त्याच १४ लाखांची वाटते. तुम्ही त्याला डेट म्हणून सुरक्षित खान्यात घातले आहे. आपल्याकडे निपाणी, चिकोडीपासून खानापूरपर्यंत गल्लोगल्ली सौहार्द आणि पतसंस्था आहेत. संचालक ओळखीचे, पिग्मी गोळा करणारा पोरगा शेजारचा, व्याज बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त. कित्येक संस्था चोख चालतात. पण ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांचे संरक्षण फक्त बँकांना आहे, अर्बन को-ऑप बँकांनाही आहे. सौहार्द सहकारी आणि पतसंस्थांना ते नाही. संस्था अडकली की ठेवीदाराला मागे सरकारी विमा नाही, वसुली होईल तसे मिळायचे.

जास्त व्याजाचे हातात खरे किती पडते ते मोजा. साडेनऊ टक्के व्याजावर तुमच्या वीस टक्क्यांच्या टप्प्यात कर गेला की साडेसात उरतात. बँकेच्या पावणेसात टक्क्यांचे सव्वापाच-साडेपाच उरतात. १४ लाखांवर वर्षाचा फरक ३०,००० रुपये. वर्षाला तीस हजारांसाठी घराचा पाया घालायचे १४ लाख विम्याशिवाय ठेवायचे का, एवढाच प्रश्न आहे.

माझ्या मावशीचे सहा लाख एका सोसायटीत होते. मुदत संपल्यावर मॅनेजर म्हणाले, "पुढच्या महिन्यात या, आत्ता रिन्यू करा, अर्धा टक्का वाढवून देतो." ते ऐकताच मी ओळखायला हवे होते, पण घरोब्यामुळे गप्प बसलो. पुढे पैसे हप्त्याहप्त्याने आले, शेवटचे ऐंशी हजार अजून येणे आहेत. मुदतीला पैसे मागितल्यावर देण्याऐवजी जास्त दराची लालूच दाखवली, की समजा तिजोरीत रोकड नाही. दुसरी खूण म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या संस्था दर कमी करताना एकच संस्था वाढवते. आणि वार्षिक सभेच्या अहवालात थकबाकीचे पान बघा. सभासद म्हणून तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. मोजक्या मोठ्या कर्जदारांकडेच बहुतेक कर्ज अडकले असेल तर आणखी थांबू नका.

एकदम सगळ्या पावत्या मोडायची गरज नाही. दोन्ही संस्थांत एक-एक छोटी ठेव मुदतीआधी मोडायला सांगा. दोन-चार दिवसांत खात्यात आली तर बाकीच्या मुदत संपेल तशा काढत जा, एकही रिन्यू करू नका. टाळाटाळ झाली तर दंड पडला तरी सगळ्या मोडायला अर्ज द्या आणि अर्जाची पोहोच घ्या.

काढलेले पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा. को-ऑप बँकेत ठेवायचे तर एका बँकेत एका माणसाच्या नावावर व्याजासकट पाच लाखांच्या आत. ठेवींच्या तारखा बांधकामाच्या टप्प्यांना जुळवून घ्या. आपल्याकडचा पाऊस पाहता पाया दिवाळीनंतर घेतात आणि स्लॅब जूनच्या आत पडावा असे बघतात. म्हणून एक ठेव नोव्हेंबरात मुदतीची, एक जानेवारीत, एक मार्चअखेर, आणि फिनिशिंगची पावसाळ्यानंतर. अडीनडीचे पाच लाख यात मिसळू नका, ते बचत खात्याला जोडलेल्या ठेवीत किंवा लिक्विड फंडात राहू देत. जास्त परतावा दाखवणाऱ्या क्रेडिट रिस्क फंडाकडे मात्र वळू नका. एप्रिल २०२० मध्ये एका मोठ्या फंड कंपनीच्या सहा डेट योजना अचानक बंद झाल्या आणि लोकांचे पैसे टप्प्याटप्प्याने परत यायला बराच काळ गेला. पैसे परत आले, पण ज्यांचे घर तेव्हा अर्धे उभे होते त्यांचे काय झाले असेल? ठेवींवरचे दोन वर्षांचे व्याज वेगळे धरू नका, बांधकामाचा खर्च वाढेल त्यात ते जाईल.

इतके झाल्यावर निवृत्तीचा डबा उघडून बघा. फंडातले साडेदहा गेले, फीचे सहा बाजूला धरले, उरले साडेएकोणतीस. पीएफ १७. गोल्ड बाँड ३.६. एकूण पन्नास लाख, आणि प्रमाण ५९:३४:७. म्हणजे तुमचे २०१७ चे ६०:३०:१० जवळजवळ जसेच्या तसे उभे आहे. निवृत्तीच्या पैशात बिघाड झालाच नव्हता. घराचे, फीचे आणि दागिन्यांचे आकडे त्याच ताटात वाढले गेले, म्हणून ते विस्कटलेले दिसत होते.

या पन्नास लाखांत आता काही विकायचे नाही, काही घ्यायचे नाही. पुढे वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये पीएफचे व्याज जमेस धरून हिशेब करा. इक्विटी ५२ च्या खाली किंवा ६८ च्या वर गेली, किंवा सोने १५ च्या वर गेले, तरच हात लावा. तोही आधी नव्या एसआयपीची दिशा बदलून. त्याने भागले नाही तर विक्री. दर तिमाहीला दोन-तीन टक्क्यांची दुरुस्ती करत बसलात तर कर आणि मनस्ताप एवढेच पदरात पडते. पन्नाशीनंतर इक्विटीचा आकडा हळूहळू ५० कडे आणावा असे माझे मत आहे, कारण तेव्हा घराचा हप्ता चालू असेल आणि कारखान्यातली नोकरी साठपर्यंत टिकेलच असे धरून चालणे बरे नाही.

एक गोष्ट मात्र फंडाच्याही आधी करा. जागा वडिलांची आहे म्हणता. उतारा आणि ई-खाता कोणाच्या नावावर आहे? भाऊ-बहिणी असतील तर त्यांचे हक्कसोड किंवा वाटणीपत्र झाले आहे का? बँक १५ लाख द्यायच्या आधी भार प्रमाणपत्र, बांधकाम परवाना आणि नावावरचा ई-खाता मागेल, आणि आपल्या भागात कर्ज अडते ते बहुतेक इथेच. कागद कन्नडमध्ये असतात, न समजता सही करू नका, एकदा वकिलाकडून वाचून घ्या. कर्ज मिळत नाही असे वर्षभरात कळले, तर घराचे स्वतःचे २५ लाख चाळीस होतात. तेव्हा आणखी फंड विकण्यापेक्षा मी घर लहान करायला सांगेन. खालचा मजला आत्ता पूर्ण करा आणि वर चढवायला पिलर सोडून ठेवा.

बहिणीची सही लांबली आणि घर दोन वर्षे पुढे गेले, तर ठेवी पुढच्या तारखांना लावा. वळवलेली एसआयपी तेवढी पुन्हा इक्विटीत सुरू करा. पण घरासाठी बाजूला काढलेले पैसे बाजार चढतो आहे म्हणून परत फंडात टाकू नका. सही झाली की सहा महिन्यांत काम सुरू होते, आणि सहा महिने बाजाराला फारच थोडे आहेत.